अचानक आलेला पैसा आणि पहिले सहा महिने

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पैसे कुठे गुंतवावेत यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मी आज त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल बोलणार आहे. वडिलांच्या ठेवी आपल्या नावावर होतात, गावची जमीन विकून हिस्सा येतो, कंपनीकडून बोनस मिळतो. अशी मोठी रक्कम खात्यात पडली की पहिले सहा महिने तिचं काय करायचं, एवढाच आजचा विषय. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी चौतीस वर्षं बसलो. लोकांचं नुकसान झालेलं पाहिलं ते बहुतेक वेळा याच सहा महिन्यांत झालेलं पाहिलं.

एक उदाहरण घेऊन चालू. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. वय चोपन्न, एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात नोकरी. आई आधीच गेलेली. वडील गेले तेव्हा दोन बँकांत मिळून त्यांच्या ३६ लाखांच्या ठेवी होत्या आणि सगळ्यांवर नॉमिनी म्हणून या बाईंचं नाव होतं. मृत्युपत्र नव्हतं. एक भाऊ, तो नाशिकला. बाईंनी दाखला आणि अर्ज दिला, बँकेने ठेवी मोडून रक्कम त्यांच्या बचत खात्यात जमा केली. नॉमिनीने किंवा वारसाने मृत ठेवीदाराची ठेव मुदतीआधी मोडली तर बँक दंड लावत नाही, हे लक्षात ठेवा. तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता पासबुकात दिसतात ३६ लाख. घरात चर्चा सुरू झाली, गाडी घ्यायची की गावाकडे प्लॉट घ्यायचा. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी एकच विचारलं, "यातले तुमचे किती?"

हा पहिला मुद्दा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. बँक मोकळी होते, पण ज्याच्या हातात पैसे आले तो वारसांच्या वतीने ते सांभाळत असतो. बँकेच्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आयुर्विम्यात २०१५ पासून थोडा फरक झाला. तिथे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असली तर रक्कम त्यांचीच होते. बँक ठेवींना मात्र तो बदल लागू नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान. म्हणजे ३६ लाखांतला अर्धा भाग भावाचा.

पुढे, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात भावाने हॉस्पिटलचं बिल उसने पैसे काढून भरलं होतं. ते देणं वडिलांच्या पैशातूनच फेडायला हवं. वडिलांचं त्या वर्षीचं आयकर विवरणपत्रही भरायचं बाकी होतं. माणूस गेला म्हणून ते चुकत नाही, वारसाला आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करून ते भरावं लागतं. आणि वडिलांना सहा वर्षं सांभाळणाऱ्या मावशींना काहीतरी द्यायचं, असं बहीण-भावांनी मिळून ठरवलं. हे सगळं धरून २ लाख बाजूला निघाले. उरले ३४ लाख, प्रत्येकी १७ लाख.

पासबुकातल्या ३६ चे १७ झाले. समजा, त्यांनी पहिल्याच महिन्यात २० लाखांचा प्लॉट बुक केला असता तर? भावाचे पैसे बिल्डरकडे अडकले असते, आणि मग जे काही झालं असतं ते तुम्ही आपापल्या नात्यागोत्यांत पाहिलेलंच आहे. पैसा थांबवण्याचं पहिलं कारण हे आहे. आपला आकडा कळायलाच दोन-तीन महिने जातात.

कराबद्दल लोक फार घाबरतात, म्हणून दोन वाक्यं. आपल्या देशात वारशावर कर नाही, जुना इस्टेट ड्युटी कायदा १९८५ मध्येच संपला. वारशाने आलेली मुद्दल तुमचं उत्पन्न धरली जात नाही, पण ती तुमच्या नावावर आल्यानंतर तिच्यावर मिळणारं व्याज तुमच्या उत्पन्नात येतं. बोनसचं उलट आहे. बोनस हा पगाराचाच भाग, त्यावर पूर्ण कर लागतो. कंपनीने पत्रात कळवलेला आकडा धरून खर्च ठरवू नका, कर कापून खात्यात जमा होईल तो आकडा धरा. त्या वर्षी इतर उत्पन्न असेल तर मार्चपूर्वी आणखी काही कर भरावा लागतो का, तेही पाहा.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण हा भाग काउंटरच्या आतला आहे.

खात्यात एकदम मोठी रक्कम आली की ते बँकेत दिसतं. कोणाच्या खात्यात शिल्लक अचानक वाढली, हे कर्मचाऱ्यांना कळतं. त्यात गैर काही नाही, पण त्याच कर्मचाऱ्यांना विमा आणि इतर योजना विकायचं टार्गेटही दिलेलं असतं. दोन-चार दिवसांत फोन येतो. आवाज गोड असतो, "मॅडम, एवढी रक्कम सेव्हिंगला पडून आहे, तुमचं नुकसान होतंय." या बाईंनाही आला. त्यांना सांगितलं गेलं की एफडीसारखीच योजना आहे, व्याज जास्त आहे आणि वर विमा फुकट. वर्षाला ३ लाख भरायचे. किती वर्षं, हे काही नीट सांगितलं गेलं नाही. फॉर्मवर तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारून दिल्या होत्या, तिथे सही करायची.

बाईंनी शहाणपणा केला. "मिस्टरांना दाखवते" म्हणून फॉर्म घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन आल्या. मी पहिलं पान उघडलं. त्यात उंची आणि वजन विचारलं होतं.

मंडळी, हे पक्कं लक्षात ठेवा. मुदत ठेवीचा फॉर्म तुमची उंची, वजन, मधुमेह, रक्तदाब कधीही विचारत नाही. हे प्रश्न आले की तो विमा आहे, समोरचा त्याला काहीही नाव देवो. आणखी दोन खुणा सांगतो. ठेवीच्या पावतीवर व्याजदर, मुदत संपण्याची तारीख आणि मिळणारी रक्कम छापलेली असते. विम्याच्या कागदावर 'प्रीमियम' हा शब्द असतो, आणि किती वर्षं भरायचा व पॉलिसी किती वर्षांची, असे दोन वेगळे आकडे असतात. या बाईंच्या फॉर्मवर दहा वर्षं भरायचे आणि वीस वर्षांनी मिळायचे, असं होतं. म्हणजे ज्या घरात १७ लाख येणार तिथे ३० लाख भरण्याचा करार होणार होता. तिसरी खूण म्हणजे विमा कंपनीचा फोन. सही झाल्यावर कंपनीकडून खातरजमा करण्यासाठी फोन येतो आणि विकणारा आधीच सांगून ठेवतो, "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकेल." तो फोन तुमच्याच संरक्षणासाठी असतो. त्यात मुदत आणि हप्त्याची वर्षं नीट ऐका, आणि पटलं नाही तर नाही म्हणा.

आणि समजा, सही करून झालीच, तर? पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. तिला फ्री-लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांत विमा कंपनीला लेखी अर्ज दिला की पॉलिसी रद्द होते. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज कंपनीकडे द्या, विकणाऱ्या माणसाच्या हातात देऊन थांबू नका. पोच घ्या. "पुढच्या महिन्यात बघू" असं तो म्हणेल, कारण पुढच्या महिन्यात ते ३० दिवस संपलेले असतात. त्यानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत पॉलिसी सोडली तर भरलेल्या पैशातला बराच भाग सोडावा लागतो.

विमा वाईट असं मी म्हणत नाही. कमावत्या माणसावर घर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा हवाच. पण त्याची गरज खात्यात पैसे आले म्हणून निर्माण होत नाही.

तिसरा मुद्दा. थांबायचं म्हणजे पैसा ठेवायचा कुठे? बचत खात्यात तसाच ठेवला तर व्याज कमी, आणि समोर दिसतो म्हणून खर्चही होतो. साध्या, कमी मुदतीच्या बँक ठेवी हे माझं उत्तर आहे. पण त्या करताना दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, ठेव विमा. बँक अडचणीत आली तर एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. इथे तीन गैरसमज असतात. एक, ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. दोन, एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलं तरी ते एकच धरलं जातं. तीन, बचत खातं, मुदत ठेव, आवर्त ठेव सगळं मिळून ५ लाख, प्रत्येकाला वेगळं नाही. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं धरतात, तेवढी एक सोय आहे. हे सगळं कोरडं वाटेल, पण २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते. आयुष्यभराचा पैसा एकाच ठिकाणी ठेवलेली कितीतरी घरं त्यात होती. मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत ही भीती कमी, हे खरं. पण चार दिवस जास्तीचे फेरे मारून ती आणखी कमी होत असेल तर करावं.

दुसरी गोष्ट, मुदती. सगळी रक्कम एकाच तारखेला सुटेल अशी ठेवू नका, आणि पाच वर्षं अडकेल अशीही नको. मधेच मोडली तर जेवढे दिवस राहिली तेवढ्या दिवसांचा दर मिळतो आणि बँका बहुधा त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात.

बाईंचं असं केलं. पगाराच्या बँकेत त्यांचे आधीचे सुमारे १ लाख होते, म्हणून तिथे साडेतीन लाखच ठेवले, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्या तीन बँकांत प्रत्येकी साडेचार लाख. त्यातल्या दोन ठेवी सहा महिन्यांच्या, एक वर्षाची. झाले १७ लाख. पाच न ठेवता साडेचार का? व्याज धरूनही ५ लाखांच्या आत राहावं म्हणून. प्रत्येक ठेवीवर नॉमिनी, आणि एका वहीत बँक, पावती क्रमांक, तारीख, रक्कम. मिस्टरांना आणि मुलाला ती वही कुठे आहे ते माहीत.

आता तुम्ही विचाराल, थांबण्याने नुकसान किती? हिशेब करू. ठेवीवर ६ टक्के धरा. १७ लाखांवर सहा महिन्यांत सुमारे ५१ हजार व्याज. दुसरीकडे कुठे १२ टक्के मिळाले असते असं सगळं चांगलं धरलं, तर १ लाख २ हजार. म्हणजे थांबण्याची जास्तीत जास्त किंमत ५१ हजार, तीही बाजार वर गेला तर. खाली गेला असता तर थांबणं फायद्याचंच. आणि ती पॉलिसी घेऊन दुसऱ्या वर्षी सोडावी लागली असती, तर एका सहीत याच्या दुपटीपेक्षा जास्त पैसा गेला असता. म्हणून "आजच्या आज केलं नाही तर संधी जाईल" असं कोणी म्हणालं की हा ५१ हजारांचा हिशेब आठवा.

चौथा मुद्दा. या सहा महिन्यांत स्वस्थ बसायचं नाही. कागद घेऊन तीन यादी करायच्या. घरावरचं कर्ज कोणतं आणि किती टक्क्यांचं? पुढच्या तीन वर्षांत ठरलेले मोठे खर्च कोणते? आणि घरखर्च महिन्याला किती? बाईंच्या याद्या अशा निघाल्या. घराचं कर्ज ८ लाख बाकी, दर ९ टक्के, सहा वर्षं राहिलेली, हप्ता सुमारे साडेचौदा हजार. मुलाच्या शेवटच्या वर्षाची फी आणि पुढचा खर्च मिळून २ लाख. घरखर्च महिना ५० हजार.

कर्ज ९ टक्क्यांचं आणि ठेव ६ टक्क्यांची, वर त्या व्याजावर कर. मग उत्तर सरळ होतं. ८ लाखांचं कर्ज फेडलं की पुढच्या सहा वर्षांत भरावं लागणारं सुमारे २ लाख ३८ हजार व्याज वाचतं. ही कमाई नक्की, तिच्यात बाजाराची जोखीम नाही. बदलत्या दराचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने आधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही. कर्ज साडेसहा-सात टक्क्यांचं असतं आणि आयकरात त्याची सूट मिळत असती तर हिशेब वेगळा झाला असता. म्हणून आपल्या कर्जाचा दर पासबुकातून किंवा पत्रातून आधी पाहा, शेजाऱ्याने काय केलं त्यावर जाऊ नका.

या सभागृहात बसलेल्यांसाठी एक जोड. कर्ज फेडलं की काम संपत नाही. घराचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात. डिसेंबर २०२३ पासून तो नियम आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई आहे. ते कागद, कर्ज नसल्याचा दाखला, आणि त्याची एक प्रत आपल्या सोसायटीच्या ऑफिसात द्या. बोजाची नोंद काढून घ्या. ती तशीच राहिली तर पुढे फ्लॅट विकताना सेक्रेटरींना आणि तुम्हाला, दोघांनाही त्रास.

उरले ९ लाख. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणून ३ लाख अडीअडचणीला ठेवीतच ठेवले. मुलाचे २ लाख त्याच्या फीच्या तारखेला सुटतील अशा ठेवीत. राहिले ४ लाख. १७ लाखांपैकी दीर्घ मुदतीला गुंतवायला खरे मोकळे एवढेच होते. त्यातले दीड लाख त्यांनी पीपीएफमध्ये भरले, ती एका आर्थिक वर्षाची कमाल मर्यादा. बाकीचे पुढच्या एप्रिलसाठी ठेवले. म्युच्युअल फंडाची त्यांना इच्छा होती, पण तिथे एकरकमी घातलं नाही. कर्जाचा हप्ता थांबल्यामुळे महिन्याला जे साडेचौदा हजार मोकळे झाले, त्यातून १० हजारांचा मासिक हप्ता सुरू केला. बाजार पडला तर एका महिन्याचा हप्ता खाली जाईल, वडिलांची कमाई नव्हे. शिवाय पडझड पाहून आपल्याला झोप लागते की नाही, हे छोट्या रकमेवर कळतं.

ज्यांचं वय साठच्या पुढे आहे त्यांना या ठिकाणी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा पर्याय आहे. कमाल ३० लाख, व्याज दर तिमाहीला. पण तिथेही पैसे पाच वर्षांसाठी जातात, तेव्हा तीन याद्या आधी.

शेवटी नातेवाइकांबद्दल. पैसा आल्याची बातमी पसरली की उसने मागणारे येतात, आणि नाही म्हणणं जड जातं. ठेव हे त्यावर सभ्य उत्तर आहे. "पैसे अमुक महिन्यापर्यंत ठेवीत आहेत," एवढं सांगायचं. ते खरंही असतं. खरी निकड असलेला माणूस तरीही बोलतो, आणि मग त्याला किती द्यायचं ते घरात बसून ठरवता येतं. द्यायचंच असेल तर परत नाही आलं तरी चालेल एवढंच द्या.

कोणाकडे अशी रक्कम आली आणि पुढे केलेला फॉर्म समजला नाही, तर सही करण्यापूर्वी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे या. चष्मा लावून आपण दोघं मिळून वाचू. आणि मी नसेन तेव्हा, फॉर्मात उंची-वजन विचारलंय का, ते आधी पाहा.